डोळ्यांना धार, पण कडेला पांढरी रेघ नको

नवरीच्या क्लोजअपमध्ये नजर आधी डोळ्यांवर जाते आणि शार्पनिंगची चूकही आधी तिथेच दिसते. मोबाइलच्या पडद्यावर देखणा वाटलेला फोटो अल्बमच्या बारा इंची पानावर येतो, तेव्हा पापण्यांच्या केसांना बारीक पांढरी कड आलेली असते. केस मऊ, निमुळते न राहता काळेकुट्ट आणि तुटक झालेले असतात, डोळ्याच्या पांढऱ्या भागातल्या लाल शिरा उठून दिसतात आणि नाकावरचा मेकअप कणाकणाने मोजता येतो. फोटो काढताना काहीच बिघडलेले नसते. नंतर कॉम्प्युटरवर कोणीतरी डोळे ‘उठावदार’ करायला म्हणून सगळा चेहराच शार्प केलेला असतो.

यावरचा उपाय फोटोग्राफीच्या धंद्यातल्या बहुतेकांना ऐकून माहीत असतो: शार्पनिंग फक्त डोळ्यांपुरते ठेवायचे, म्हणजे वेगळ्या लेअरवर करायचे आणि मास्क लावून बाकीचा चेहरा झाकून टाकायचा. पण मास्क लावला की काम झाले, असे नाही. पांढरी कड मास्कच्या आतही येऊ शकते, किंबहुना बहुतेक वेळा ती तिथेच येते. ती का येते हे कळले, तर ब्रश कुठे फिरवायचा आणि कुठे नाही, हे आपोआप कळू लागते.

शार्पनिंगने फोटोत नवा तपशील येत नाही. फोटोशॉपमधले Unsharp Mask हे साधन मूळ फोटोची एक धूसर प्रत मनातल्या मनात तयार करते, मूळ आणि धूसर यांतला फरक काढते आणि तो फरक काही पटींनी वाढवून मूळ फोटोत परत मिळवते. ही युक्ती कॉम्प्युटरपेक्षा जुनी आहे. डार्करूममध्ये निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली फिकी पॉझिटिव्ह प्रत दुसऱ्या फिल्मवर काढत आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून प्रिंट करत. ऑस्ट्रेलियातल्या अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत डेव्हिड मॅलिन यांनी 1970च्या दशकात हीच पद्धत दूरच्या दीर्घिकांच्या छायाचित्रांवर वापरली आणि त्यांतले दबलेले बारकावे वर आणले. फोटोशॉपमध्ये त्याच हिशेबाला तीन स्लायडर आहेत. फरक किती पटींनी वाढवायचा ते Amount ठरवतो, प्रत किती धूसर करायची ते Radius, आणि किती लहान फरकाकडे दुर्लक्ष करायचे ते Threshold.

हा हिशेब पापणीच्या एका केसावर मांडून पाहू. फोटोतला प्रत्येक ठिपका 0 ते 255 या मापात मोजतात. 0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा. समजा, केस 60 आहे आणि त्याला लागून असलेली त्वचा 180. धूसर प्रतीत दोन्ही एकमेकांत मिसळतात, म्हणून केसाच्या अगदी शेजारची त्वचा तिथे 155 होते आणि केस 95. त्वचेच्या बाजूचा फरक झाला 25. Amount 150 टक्के असेल तर त्याची दीडपट, म्हणजे सुमारे 37, त्वचेत मिळवली जाते आणि 180ची त्वचा 217 होते. केसाच्या बाजूला फरक 35 आहे. त्याची दीडपट वजा होऊन 60चा केस 8वर येतो. केस जवळजवळ काळा झाला आणि त्याला खेटून त्वचेवर एक पट्टी उजळली. हीच ती पांढरी कड. तिची रुंदी ठरवतो Radius आणि तिची तीव्रता ठरवतो Amount.

खरखरीत कडाही याच हिशेबातून निघतात. चांगल्या फोटोत केस आणि त्वचा यांच्यामध्ये एक-दोन अधल्यामधल्या छटांचे ठिपके असतात आणि त्यांच्यामुळेच तिरका केस डोळ्याला सलग दिसतो. शार्पनिंग वाढवत नेले की हे मधले ठिपके एक तर काळ्याकडे ढकलले जातात, नाही तर पांढऱ्याकडे. मधली छटा उरली नाही की तिरक्या रेषेला पायऱ्या पडतात. एकदा ठिपका 0 किंवा 255ला टेकला की त्यातली माहिती गेली. मग लेअरची तीव्रता कमी केल्याने कड फिकी होते, पण त्या ठिपक्यातला मूळचा फरक शार्प केलेल्या लेअरमध्ये परत येत नाही.

म्हणून पहिला प्रश्न Radiusचा. इथे अंदाजाने स्लायडर ओढण्यापेक्षा एक सोपे माप हाताशी ठेवावे. माणसाच्या बुबुळाची रुंदी सुमारे 12 मिलिमीटर असते आणि माणसागणिक ती फारशी बदलत नाही. पापणीचा केस बुडाशी साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतो आणि टोकाकडे निमुळता होत जातो. म्हणजे फोटोत बुबुळ जितके पिक्सेल रुंद दिसते, त्याला 120ने भागले की केसाची जाडी पिक्सेलमध्ये मिळते. Radius त्याच्या निम्म्याच्या आसपास ठेवला की कड केसाहून रुंद होत नाही.

उदाहरणासाठी एक नेहमीचा फोटो घेऊ. 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा उभा धरून घेतलेला नवरीचा चेहरा. 4000 पिक्सेलच्या रुंदीत 25 सेंटिमीटरची चौकट मावलेली आहे. म्हणजे एका मिलिमीटरला 16 पिक्सेल. बुबुळ 190 पिक्सेलच्या आसपास भरते आणि केस दीड पिक्सेलचा. मस्कारा लावला असेल तर दोन-अडीच. इथे पापण्यांसाठी Radius 0.7 किंवा 0.8 पुरतो. बुबुळातल्या रेषा मात्र याहून जाड आणि मऊ असतात. 0.7ने त्यांना काहीच होत नाही, उलट तिथला नॉइज तेवढा टोकदार होतो. बुबुळाला दोन पिक्सेलच्या आसपासचा Radius लागतो. तोच पापण्यांना लावला तर केसाच्या दोन्ही बाजूंना केसाहून रुंद पांढरे पट्टे उमटतात. एकाच लेअरवर दोन्ही कामे उरकणाऱ्याला म्हणूनच कधी बुबुळ नीट मिळत नाही, कधी पापण्या. लेअर वेगवेगळेच हवेत.

त्वचेचे रिटचिंग आणि रंगांचे काम संपल्यावर, मूळ आकाराच्या फाइलवर हे करावे. फोटो पडद्यावर 100 टक्क्यांना उघडायचा. सगळ्या दिसणाऱ्या लेअरची मिळून एक प्रत वर घ्यायची, त्यासाठी Ctrl+Shift+Alt+E. ती स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये बदलून ठेवली की आकडे नंतरही बदलता येतात. त्यावर Unsharp Mask: Amount 120, Radius 0.7, Threshold 3. आता या लेअरची आणखी एक प्रत काढायची. खालच्या प्रतीचा ब्लेंड मोड Darken, वरच्या प्रतीचा Lighten.

पापण्यांच्या बाबतीत सगळा फायदा या एका पायरीत आहे. Darken असलेला लेअर फक्त तेवढेच ठिपके दाखवतो जे शार्पनिंगने गडद झाले, म्हणजे केस. Lighten असलेला फक्त उजळलेले दाखवतो, म्हणजे पांढरी कड. एरवी एकत्र येणारे शार्पनिंगचे हे दोन परिणाम आता दोन वेगळ्या स्लायडरवर आले. गडद बाजूची तीव्रता 70 टक्के ठेवली तरी खटकत नाही, कारण केस मुळातच काळा आहे. उजळ बाजू 20-25 टक्क्यांवर आणायची. ती पूर्ण बंदही करता येते, पण मग केस शार्प होण्याऐवजी नुसता जाड दिसू लागतो. थोडी उजळ बाजू राहू द्यावीच.

मग मास्क. दोन्ही लेअर एका ग्रुपमध्ये घ्यायचे, ग्रुपचा मोड Pass Through आहे ना ते पाहायचे आणि मास्कच्या आयकॉनवर Alt दाबून क्लिक करायचे. पूर्ण काळा मास्क येतो आणि शार्पनिंग दिसेनासे होते. पांढरा रंग, मऊ कडेचा ब्रश, जाडी दहा-बारा पिक्सेल, Flow 25 टक्के. ब्रश केसाच्या बुडापासून टोकाकडे, केस जसा वळतो तसा फिरवायचा आणि टोकापाशी पोहोचण्याआधी उचलायचा. टोके नैसर्गिकपणे विरळ होत जातात. ती बुडाइतकीच काळी झाली की पापण्या खोट्या वाटतात. Flow कमी असल्यामुळे दोन-तीन हात फिरवल्यावरच परिणाम भरतो आणि थांबायचे कुठे हे हाताला कळते.

कुठे ब्रश फिरवायचा नाही, याची समज जास्त महत्त्वाची. वरच्या पापणीच्या मधल्या भागातले केस थेट कॅमेऱ्याकडे रोखलेले असतात. ते आखूड आणि एकमेकांत गुंतलेले दिसतात, शार्प केल्यावर त्यांचा काळा गठ्ठा होतो. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडचा तिसरा हिस्सा हीच खरी जागा, कारण तिथले केस त्वचेवर एकेकटे दिसतात. काजळ आणि आयलायनरच्या रेषेला हात लावू नये. त्या रेषेचा आणि त्वचेचा फरक आधीच इतका मोठा असतो की सगळ्यात रुंद आणि सगळ्यात पांढरी कड तिथेच उमटते. खालच्या पापणीचे केस बारीक असतात आणि त्यांच्या मागे डोळ्याखालची सुरकुतलेली त्वचा असते. तिथे मास्क निम्म्याने. कृत्रिम पापण्या लावलेल्या असतील तर बुडापासून थोडे अंतर सोडावे, नाही तर चिकटवलेली पट्टी फोटोत स्पष्ट वाचता येते.

बुबुळाचा लेअर वेगळा: Radius 2, Amount 60 ते 70, मोड Luminosity. या मोडमुळे फक्त उजेड-अंधार बदलतो, रंग सरकत नाही. याचा मास्क कड्याच्या आकाराचा असावा. मधली बाहुली सोडायची, कारण तिथे नॉइजखेरीज शार्प करण्यासारखे काही नसते. बाहुलीवरची प्रकाशाची चमकही सोडायची. ती आधीच पांढरी असते, शार्प केल्यावर तिच्याभोवती काळी वर्तुळाकार रेघ येते. आणि बुबुळाची बाहेरची कड सोडायची. जिथे बुबुळ संपून पांढरा भाग सुरू होतो ती सीमा खऱ्या डोळ्यात धूसरच असते. ती टोकदार झाली की डोळ्यात बुबुळाचे स्टिकर चिकटवल्यासारखे दिसते. हौशी रिटचिंग ओळखायची ही सगळ्यात पक्की खूण आहे.

इथे आपल्याकडच्या चेहऱ्यांची एक वेगळी अडचण येते. परदेशी पुस्तकांतली उदाहरणे बहुधा निळ्या किंवा हिरव्या डोळ्यांची असतात. त्यांत बुबुळाच्या रेषा उघड दिसतात आणि शार्पनिंगने लगेच खुलतात. गडद तपकिरी बुबुळ फोटोत 20 ते 60 या पट्ट्यात दबलेले असते, बाहुली कुठे संपते तेही धड दिसत नाही. त्यावर कितीही शार्पनिंग केले तरी वाढवायला फरकच नसतो. म्हणून आधी कर्व्हज लेअरने बुबुळ थोडे उजळावे, तेही सगळे नाही. उजेड वरून येत असेल तर तो आत शिरून बुबुळाच्या खालच्या अर्ध्या भागात पसरतो; तेवढाच भाग दहा-पंधरा आकड्यांनी वर न्यावा. तपकिरी रंगातल्या रेषा दिसू लागल्या की मग शार्पनिंग. हा क्रम उलटा केला तर वाढलेला नॉइज उजळत बसावे लागते.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर मास्क अजिबात नको.

आता एक मर्यादा, जी मास्कने ओलांडता येत नाही. 85 मिलिमीटरच्या लेन्सने f/1.8 वर दीड मीटरवरून फोटो घेतला, तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर साधारण तीन-साडेतीन सेंटिमीटर जाडीचा पट्टाच फोकसमध्ये असतो. दोन बाहुल्यांमधले अंतर सहा सेंटिमीटरच्या वर. चेहरा 45 अंशांत वळला की एक डोळा दुसऱ्याच्या चार-साडेचार सेंटिमीटर मागे जातो, म्हणजे फोकसच्या पट्ट्याबाहेर. त्या डोळ्यात तपशील नोंदलेलाच नाही. त्याला पुढच्या डोळ्याइतके शार्प केले तर धूसर कडेलाच पांढरी रेघ मिळते, कारण धूसर कड ही साधनाच्या लेखी नुसती रुंद कड असते. मागचा डोळा तसाच ठेवणे चांगले. फार तर मास्क 20-30 टक्के. पाहणाऱ्याला एक डोळा शार्प असला की पुरतो, चेहऱ्याची खोलीही त्यातूनच कळते.

मोबाइलवर काढलेल्या फोटोंचे वेगळे. त्यांत फोनने स्वतःच भरपूर शार्पनिंग केलेले असते, त्यामुळे मूळ फाइल 100 टक्क्यांना पाहिली तर पापण्यांलगत पांढरी कड बहुधा आधीच हजर असते. तिच्यावर आणखी शार्पनिंग म्हणजे कडेला कड. अशी आलेली कड कमी करायला क्लोन स्टॅम्प कामी येतो. त्याचा मोड Darken आणि Opacity 30-40 टक्के ठेवायची, शेजारच्या स्वच्छ त्वचेचा नमुना घ्यायचा आणि कडेवरून हलका हात फिरवायचा. Darken असल्यामुळे त्वचेहून उजळ ठिपकेच बदलतात. काळ्या केसावरून स्टॅम्प गेला तरी केस शाबूत राहतो. दुसऱ्या कोणी बिघडवलेल्या फाइलवरही हाच उपाय चालतो.

काम झाल्यावर तपासायचे कसे, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे, कारण आपला डोळाच कडांशी फसवतो. गडद आणि उजळ पट्टे शेजारी आले की सीमेलगत प्रत्यक्षात नसलेली उजळ रेघ दिसते. अर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने 1865मध्ये हे दाखवले आणि त्या रेघांना आजही त्याचेच नाव आहे. त्यामुळे नुसत्या नजरेवर विसंबणारा रिटचर कधी नसलेल्या कडेच्या मागे लागतो, तर कधी तासभर तेच पाहून असलेली कड त्याला दिसेनाशी होते. मापाने सोक्षमोक्ष लागतो. फोटोशॉपमध्ये F8 दाबून Info पॅनेल उघडायचे. कर्सर केसापासून दोन पिक्सेलवरच्या त्वचेवर ठेवून आकडा पाहायचा, मग त्याच पापणीवर पंधरा पिक्सेल दूर. शार्पनिंगचा ग्रुप बंद असतानाही हीच जोडी मोजायची. ग्रुप बंद असताना दोन्ही जागी 178-180 आणि सुरू केल्यावर जवळची जागा 205, तर कड आहे. पाच-सात आकड्यांचा फरक कागदावर कोणाला दिसत नाही.

वरच्या उदाहरणातला फोटो बारा इंच उंचीच्या पानावर 300 पीपीआयने जाणार असेल, तर 6000 पिक्सेलची उंची 3600वर येते. केसही त्याच प्रमाणात बारीक होऊन एका पिक्सेलवर येतो. लहान करण्याच्या पद्धतीत Bicubic Sharper निवडले असेल तर तिथे पुन्हा थोडे शार्पनिंग होते; कागदासाठीचे शेवटचे हलके शार्पनिंग वेगळे. ब्रूस फ्रेझर यांनी शार्पनिंगचे कॅमेऱ्यासाठी, चित्रातल्या विशिष्ट भागासाठी आणि छपाईसाठी असे तीन टप्पे मांडले ते यासाठीच. डोळ्यांचे काम मधल्या टप्प्याचे आहे आणि पुढच्या टप्प्यासाठी त्यात जागा शिल्लक ठेवावी लागते. पडद्यावर ‘अजून थोडे हवे’ असे वाटते तिथेच थांबलेली फाइल छापून आल्यावर बरोबर दिसते. अल्बमची लॅब स्वतः शार्पनिंग करते का, हेही विचारून घ्यावे, म्हणजे तोच परिणाम दोनदा चढत नाही.

जेपीईजीमध्ये जपून. ही पद्धत चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडून माहिती कमी करते आणि तीव्र कड ज्या चौकोनात असते त्यात कडेभोवती बारीक डाग उमटतात. कड जितकी तीव्र, तितके डाग जास्त. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या नवरीच्या फोटोत पापण्यांभोवती जी धूळ दिसते, ती हीच. अशा फाइलवर शार्पनिंग केले तर केसांआधी ही धूळ टोकदार होते. शक्य असेल तर मूळ फाइल मागवावी. मिळाली नाही तर पापण्या सोडून बुबुळापुरतेच काम करावे.

ज्यांच्याकडे फोटोशॉप नाही त्यांना मोफत मिळणाऱ्या गिंपमध्ये हे सगळे करता येते. तिथे Unsharp Mask आहे, लेअर मास्क आहे, आणि Darken only व Lighten only हे मोडही आहेत; आकड्यांचे माप मात्र थोडे वेगळे, म्हणून 100 टक्क्यांना पाहून ते नव्याने बसवावे लागतात. लाइटरूमच्या ब्रशमध्ये Sharpness हा एकच स्लायडर असतो. त्या ब्रशला स्वतःचा Radius नाही, उजळ आणि गडद बाजू वेगळ्या करण्याची सोयही नाही. शंभर फोटोंच्या घाईच्या कामात तो चालतो, एका मोठ्या क्लोजअपसाठी नाही.

आणि अल्बममधल्या बहुतेक फोटोंना यातले काहीच लागत नाही. नवरी डोक्यापासून पायापर्यंत उभी असेल आणि 6000 पिक्सेलच्या उंचीत दोन मीटरची चौकट मावली असेल, तर मिलिमीटरला तीनच पिक्सेल येतात. बुबुळ 36 पिक्सेलचे, केस एका पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्श्याचा. एकेकटा केस त्या फाइलमध्ये नोंदलेलाच नसतो. तिथे मास्क रंगवण्यात वेळ घालवू नये. छपाईआधीचे सगळ्या चित्राचे हलके शार्पनिंग तेवढे पुरते.